रेडिएटरमधला काळा गाळ दरवर्षी परत येतो: ब्रूडिंग शेडमधल्या गरम पाण्याच्या हीटिंगचं समस्या निवारण

तक्रार साधारण अशी असते. शेडमध्ये पिल्लं येऊन दोन दिवस झालेत, बॉयलरमध्ये पऱ्हाटीच्या कांड्या नीट जळताहेत, पाणी ७० अंशांच्या वर आहे, तरी शेडच्या एका टोकाला ३२ अंश गाठत नाहीत. रेडिएटरला हात लावला तर वरची कड चटका देते आणि खालचा मधला भाग कोमट. प्लंबर येतो, सगळं पाणी सोडतो, काळंकुट्ट पाणी निघतं, नवं पाणी भरतो. एक-दोन बॅच बरी जाते. पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

गाळ काढणं इथे अर्धंच काम आहे. तो कुठून तयार होतो ते सापडलं नाही तर दरवर्षीचं फ्लशिंग म्हणजे पाणी, मजुरी आणि लोखंड तिन्हीचा नास.

आधी गाळच आहे याची खात्री

रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम असेल तर आत हवा किंवा वायू साठलाय. तो चावीने सोडला की काम झालं. पूर्ण रेडिएटर थंड असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा त्या फांदीला पाणीच पोचत नाही. वर गरम, दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी गरम आणि खाली मधोमध थंड, ही मात्र गाळाची खूण. पाणी एका कोपऱ्यातून येतं, दुसऱ्यातून जातं, आणि जिथे त्याचा वेग सर्वांत कमी तिथे जड गाळ बसतो. हा गाळ पाण्याच्या पाचपट जड असतो, त्यामुळे एकदा बसला की साध्या पंपाच्या प्रवाहाने उठत नाही.

कपाळाचं नाही, मशीनचं तापमान बघायची इन्फ्रारेड गन असेल तर रंग दिलेल्या पत्र्यावर तीन ठिकाणी वाचन घ्या: वर मध्ये, खाली मध्ये, खाली परतीच्या टोकाला. वर ६८, परतीला ५७ आणि खाली मध्ये ४१ असं आलं तर शंका उरत नाही. चकचकीत पितळी व्हॉल्व्हवर गन धरू नका, तिथे आकडा खोटा येतो.

मग एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत ड्रेनमधून पाणी घ्या आणि दोन तास हलवू नका. तळाशी काळा थर बसेल. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बाटलीला बाहेरून लावून हळूच वर सरकवा. थर चुंबकामागे काचेवरून वर चढला, त्याच्या कडेला बारीक काटे उभे राहिले, तर तो मॅग्नेटाइट आहे, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड. तुमच्याच रेडिएटरचा पत्रा विरघळून तो झालाय. थर तांबूस असेल आणि चुंबकाला फारसा जुमानत नसेल तर तो साधा गंज. त्याचा अर्थ हवा आत्ताही भरपूर येते आहे. पांढरट किंवा राखाडी कण म्हणजे बोअरच्या पाण्याचा क्षार.

वायू सोडताना एक काळजी घ्या. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात लोखंड गंजलं की हायड्रोजन सुटतो आणि तोच रेडिएटरच्या माथ्यावर साठतो. त्याला वास नसतो, पण तो पेट घेतो. बिडी-काडी लांब ठेवा.

एवढा गाळ आला कुठून? हिशोब करून बघा

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं एक शेड उदाहरण म्हणून घेऊ: ८ पोलादी पॅनल रेडिएटर, सव्वा इंची जीआय लाइन, घन इंधनाचा बॉयलर, वर माळ्यावर उघडी एक्स्पान्शन टाकी. बॉयलर, पाइप आणि रेडिएटर मिळून साधारण २२० लिटर पाणी. फ्लशिंगमधून निघालेला गाळ वाळवून तोलला तर ६०० ग्रॅम भरला असं समजा.

१ ग्रॅम ऑक्सिजनपासून सुमारे ३.६ ग्रॅम मॅग्नेटाइट होतो. म्हणजे ६०० ग्रॅमला साधारण १६६ ग्रॅम ऑक्सिजन लागला. आपल्याकडच्या तापमानाला ताज्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला असतो. २२० लिटर एकदा भरलं तर पावणेदोन ग्रॅम ऑक्सिजन आत गेला आणि त्यातून सहा-साडेसहा ग्रॅम गाळ झाला. चमचाभर. भरलेलं पाणी पहिल्या काही दिवसांत आपला ऑक्सिजन संपवतं आणि मग गंजणं थंडावतं. नुसत्या ताज्या पाण्यातून ६०० ग्रॅम गाळ व्हायचा तर २० हजार लिटरच्या वर पाणी घालावं लागेल, म्हणजे ५ हजार लिटरचे चार टँकर. एवढं पाणी कोणी घातलेलं नसतं.

उलट १ घनमीटर हवेत २७० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. ६०० ग्रॅम गाळाला पाऊण घनमीटरपेक्षाही कमी हवा पुरते. म्हणून गाळ पावशेर-अर्धा किलोच्या पुढे असेल तर पाण्यापेक्षा हवेची वाट शोधा. आणि त्या ६०० ग्रॅममध्ये लोखंड सुमारे ४३० ग्रॅम आहे, ते रेडिएटरच्या सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यातून गेलंय हेही ध्यानात असू द्या.

हवा शिरण्याच्या तीन वाटा

पहिली आणि सर्वांत मोठी: व्हेंट पाइप. बॉयलरवरून एक पाइप सरळ वर जाऊन टाकीवर वाकवलेला असतो, उकळी आली तर वाफ तिथून सुटावी म्हणून. खूप ठिकाणी पंप परतीच्या लाइनवर, बॉयलरच्या अगदी आधी बसवलेला असतो, आणि टाकीतून येणारा फीड पाइप पंपाच्याही आधी जोडलेला. अशा जोडणीत पंपाचा जोर बॉयलरमधून थेट व्हेंटला लागतो. पंपाचा हेड, म्हणजे पाणी चढवायची ताकद, ४ मीटर आणि व्हेंट टाकीतल्या पाण्यापासून जेमतेम दीड फूट वर. मग काय होणार? पंप चालू असेपर्यंत गरम पाण्याची धार टाकीत पडत राहते, हवा घेते आणि फीडमधून पुन्हा खाली येते.

ओळखायला सोपं आहे. पंप तासभर चालल्यावर टाकीत हात घाला. पाणी कोमट-गरम असेल, टाकीच्या कडा तांबड्या झाल्या असतील, तर हेच चाललंय. धार पडत नसेल तर उलटी तपासणी करा: बॉयलर थंड असताना व्हेंटच्या वाकलेल्या तोंडाखाली पाण्याने भरलेला पेला असा धरा की तोंड बुडेल, आणि दुसऱ्याला पंप चालू करायला सांगा. पेल्यातलं पाणी ओढलं गेलं तर व्हेंट हवा आत ओढतोय.

तात्पुरता उपाय फुकट आहे. तीन वेगांचा पंप असेल तर ३ वरून २ किंवा १ वर आणा आणि धार थांबते का बघा. कायमचा उपाय म्हणजे जोडणीचा क्रम बदलणं. बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या गरम लाइनवर आधी व्हेंट, त्याच्यापासून १५० मिलिमीटरच्या आत फीडचा टी, आणि त्यानंतर पंप, रेडिएटरांकडे ढकलणारा. आता व्हेंटवर पंपाचा जोर जवळजवळ येत नाही आणि पुढची सगळी लाइन दाबाखाली राहते, म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्लँडमधूनही हवा ओढली जात नाही. बॉयलर आणि व्हेंट यांच्यामध्ये कोणताही व्हॉल्व्ह नको, कधीच नको. पंप गरम लाइनवर आणताना त्याच्या पाटीवरची कमाल तापमान मर्यादा वाचून घ्या.

उघडी टाकी काढून बंद प्रेशर सिस्टिम करा, असा सल्ला काही जण देतात. लाकूड-कांड्यांच्या बॉयलरवर हे सरळ करू नका. गॅसचा बर्नर बंद होतो, पेटलेली पऱ्हाटी बंद होत नाही. बंद सिस्टिम हवीच असेल तर मध्ये पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देणारा प्लेट हीट एक्स्चेंजर घाला: बॉयलरची बाजू उघडी, रेडिएटरची बाजू बंद. त्या बंद बाजूला ३ बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि वरच्या मापाच्या शेडसाठी २५ लिटरचं एक्स्पान्शन व्हेसल पुरतं. खर्च आहे, पण हवेचा प्रश्न मुळातून सुटतो.

दुसरी वाट: लाइट जाणं. पंप थांबतो, आग चालूच राहते, बॉयलरला उकळी येते, पाणी व्हेंटमधून उडतं आणि तेवढंच नवं पाणी टाकीतून खाली जातं. थंडीत हे रोजचं झालं तर हवा आणि खारं पाणी दोन्ही आत जात राहतात. असा पंप शंभर वॉटच्या आतबाहेर घेतो, घरगुती इन्व्हर्टर त्याला सहज ओढतो. फक्त तो साइन वेव्हचा हवा, चौकोनी वेव्हवर पंपाची मोटर गुरगुरते आणि तापते.

तिसरी वाट आपण स्वतः उघडतो. होळीनंतर हीटिंग लागत नाही म्हणून पाणी सोडून लाइन रिकामी ठेवायची पद्धत सर्रास आहे, "पाणी राहिलं तर गंजेल" म्हणून. होतं नेमकं उलटं. सोडल्यावरही रेडिएटरच्या तळाशी ओल राहते, वर पूर्ण पोकळी हवेने भरलेली, आणि पुढे पावसाळ्याची दमट हवा. चार-पाच महिने पत्रा आतून तांबडा होत राहतो. नोव्हेंबरमध्ये पाणी भरलं की तो गंज सुटतो आणि आत हवा नसल्यामुळे हळूहळू काळा पडतो. मार्चमध्ये लाइन भरलेलीच ठेवा आणि आठवड्यातून एकदा १० मिनिटं पंप फिरवा, म्हणजे पंपही जाम होत नाही.

मॅग्नेटिक फिल्टर काय करतो, काय करत नाही

पितळी किंवा प्लास्टिकच्या भांड्यात एका नळीत निओडिमियम चुंबक, एवढीच रचना. पाणी त्याच्या भोवतीने जातं, काळा कण नळीला चिकटतो. तो फक्त वाहत असलेला कण पकडतो. रेडिएटरच्या तळाशी आधीच बसलेला गाळ तो ओढून आणत नाही, क्षार आणि वाळू धरत नाही, तांबडा गंज फारसा धरत नाही. म्हणून जाळी असलेला फिल्टर घ्या किंवा त्याच्याआधी वाय-स्ट्रेनर लावा.

जागा परतीच्या मुख्य लाइनवर, शेवटचा रेडिएटर जोडल्यानंतर आणि बॉयलरच्या आधी. कारणं दोन. सगळ्या रेडिएटरांचा गाळ तिथून जातो, आणि तिथे पाणी थंड असतं. साध्या ग्रेडचा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर आपली ताकद कायमची गमावू लागतो. कांड्यांच्या बॉयलरवर गरम लाइन ८५-९० ला सहज जाते. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह हवेतच, नाहीतर साफ करायच्या वेळी पूर्ण लाइन रिकामी करावी लागेल आणि मग तो कोणी साफ करणार नाही.

साफ करताना पंप बंद, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, वरचा हवेचा स्क्रू सैल, खालचा ड्रेन बादलीत. चुंबक नळीतून बाहेर ओढला की नळीवरचा काळा लगदा आपोआप सुटतो. चुंबक आत असताना घासत बसू नका. नवीन फिल्टर बसवल्यावर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने उघडा. दर वेळी निघालेला लगदा मोजून भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा: किती चमचे. हा आकडा सगळ्यात कामाचा आहे. तो उतरत गेला तर जुना गाळ संपतोय. महिन्यानंतरही तेवढाच निघत असेल तर हवा अजून शिरते आहे, फिल्टर बदलून काही होणार नाही.

नव्या वीजबचत पंपांचा रोटरच चुंबकाचा असतो. त्यांच्यात काळा गाळ थेट रोटरवर जमतो आणि पंप जाम होतो. जुना पंप काढून असा पंप घालणार असाल तर फिल्टर आधी.

फ्लशिंग कधी करायचं

एकच रेडिएटर खालून थंड असेल तर पूर्ण लाइन फ्लश करू नका. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. परतीकडचा किती फेरे उघडा होता ते बंद करताना मोजून लिहा, कारण सगळ्या रेडिएटरांमधला पाण्याचा वाटा त्याच्यावर ठरलेला असतो. खाली घमेलं धरून रेडिएटर सोडवा, तोंडांना बूच मारा, दोघांनी अंगणात न्या आणि उलटा-सुलटा करत होजने धुवा. अर्ध्या तासाचं काम.

पूर्ण फ्लशिंग तेव्हा करा जेव्हा अर्ध्याहून जास्त रेडिएटर खालून थंड आहेत, बाटलीतलं पाणी दोन तासांनीही काळं राहतं, किंवा नवा बॉयलर वा पंप बसवायचाय. आणि हवेची वाट आधी बंद केलेली असली पाहिजे. ती न शोधता फ्लश केलं तर बसलेला गाळ जाऊन ताजा पत्रा उघडा पडतो, एवढंच.

एका ठिकाणी फ्लशिंग टाळायचं. रेडिएटरच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे, त्यातून तांबडे ओघळ दिसत असतील तर तिथला पत्रा झिजून गेलाय, गाळानेच भोक बुजवलंय. जोराचं पाणी गेलं की तो गळणार. तो रेडिएटर बदला.

गावात करता येईल असं फ्लशिंग

दोन बॅचच्या मध्ये, शेड रिकामं असताना, आग पूर्ण विझवून, बॉयलर थंड करून. पंप काढा आणि त्याच्या दोन्ही युनियनना १ इंची होज जोडा. व्हेंट आणि फीडला तात्पुरती कॅप लावा आणि बॉयलरच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा: "कॅप काढल्याशिवाय आग लावू नये." हा कागद विसरण्याची किंमत बॉयलर फुटण्याइतकी आहे.

२०० लिटरचा ड्रम, त्यातून ओढणारा १ एचपीचा मोनोब्लॉक, एक होज लाइनमध्ये, दुसरा परत ड्रममध्ये. परतीचा होज ड्रममध्ये टांगलेल्या दोन-तीन चुंबकांवर पडू द्या आणि मोनोब्लॉकच्या ओढीला जाळी लावा. तेच पाणी फिरत राहतं, त्यामुळे पाण्याची टंचाई असली तरी जमतं. परतीचा होज कधी दाबू वा बंद करू नका, कारण मोनोब्लॉकचा दोन-तीन बारचा दाब मग सरळ बॉयलरच्या पत्र्यावर येईल.

आता एका वेळी एकच रेडिएटर उघडा. सगळा प्रवाह त्यातून गेला तरच तळाचा गाळ उठतो. सगळे उघडे ठेवून तासभर चालवणं म्हणजे नुसतं पाणी फिरवणं. १० मिनिटं एका दिशेने, मग होज अदलाबदल करून १० मिनिटं उलट्या दिशेने, आणि त्या वेळात रबरी हातोड्याने खालच्या भागावर हलके ठोके. पुढचा रेडिएटर उघडल्यावरच आधीचा बंद करा. ठोके मारताच परतीचं पाणी एकदम शाईसारखं काळं होतं आणि मिनिटाभरात फिकट. ते फिकट होईपर्यंत त्याच रेडिएटरवर थांबा. ८ रेडिएटरांना तीन-चार तास धरा.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड टाकू नका. ते गाळाबरोबर पत्राही खातं आणि सांध्यांत राहून पुढे खात राहतं. ड्रमचं पाणी काळं झालं की सोडून नवं घ्या. शेवटी बाटलीत घेतलेलं पाणी तासाभरात तळाला काही टाकत नसेल, तर झालं.

भरायचं पाणी

खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी यात नको. त्यातलं क्लोराइड पत्र्याला खड्डे पाडतं, आणि जडपणा बॉयलरच्या गरम भागावर क्षाराचा थर धरतो. धुवायला ते चालेल, भरायला आरओचं घ्या. २२० लिटरला २० लिटरचे ११ जार लागतात, भाव कुठेही परवडणारा आहे. आरओच्या पाण्याचा पीएच सुरुवातीला कमी असतो, पोलादाच्या लाइनमध्ये तो काही आठवड्यांत स्वतःच वर येतो. पट्टीवर ८.२ ते १० च्या मध्ये आला की ठीक. टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हला बोअरची लाइन जोडलेली असेल तर ती तोडा आणि टाकी हाताने भरा. किती भरलं तेही कळतं.

गंजरोधक रसायन चिलर आणि बंद लाइनसाठी मिळतं, बहुधा नायट्राइटवरचं. मात्रा डब्यावरच्या प्रमाणेच घ्या, अंदाजाने कमी टाकलेलं नायट्राइट जिथे तिथे खड्डे पाडतं. पण ते कोंबड्यांना आणि जनावरांना विषारी आहे. निपल ड्रिंकरच्या लाइनशी हीटिंगच्या लाइनचा कुठेही जोड नको, आणि सोडलेलं पाणी गुरांच्या हौदाकडे जाता कामा नये.

रसायनाचा असर आहे का ते बघायला दोन चकचकीत खिळे घ्या. एक लाइनच्या पाण्यात, एक नळाच्या पाण्यात, दोन्ही बाटल्या झाकून तीन-चार दिवस ठेवा. नळाच्या पाण्यातला तांबडा होईल. लाइनच्या पाण्यातलाही झाला तर मात्रा पुन्हा द्या, आणि टाकीत हात घालून पाणी गरम झालंय का तेही त्याच वेळी बघा.